हौद रिकामा करणारा नळ

शाळेच्या गणितात दोन नळ असायचे. पहिला नळ हौद तीन तासांत भरायचा आणि तळाशी असलेला दुसरा तोच भरलेला हौद चार तासांत रिकामा करायचा. दोन्ही एकाच वेळी सोडले तर रिकामा हौद किती वेळात भरेल? तासाला एक तृतीयांश भरतो, एक चतुर्थांश जातो, म्हणजे तासाला एक बारांश उरतो. उत्तर बारा तास. शेजारी बरोबरची खूण, दोन गुण.

त्या दुसऱ्या नळाविषयी मला पहिली शंका आली ती आमच्या गच्चीवर, बऱ्याच वर्षांनी. टाकी धुवायची होती. तळाचं बूच काढलं आणि पाणी धो धो वाहू लागलं. सेक्रेटरी काका घड्याळ घेऊन उभे होते. पंधरा मिनिटांच्या आतच टाकी अर्धी झाली. काका खूश. खालच्या मजल्यावर फोन लावून म्हणाले, "अजून पंधरा मिनिटं, मग धुवायला घेतोच." टाकी धुणारा माणूस कडेला बिडी ओढत बसला होता, तो जागचा हलला नाही. "साहेब, वरचं पाणी पळतं, खालचं चालतं," तो म्हणाला. "शेवटचं वीतभर पाणीच जीव खातं. तुम्ही चहा घेऊन या."

चहा घेऊन आलो तरी पाणी शिल्लक होतं. उरलेल्या अर्ध्या पाण्याला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला.

त्या माणसाला जे अनुभवानं माहीत होतं त्यामागे नेमका नियम आहे, आणि तो 1644 साली छापून आला. इव्हान्जेलिस्ता तोरिचेल्ली हा इटालियन गणिती. हवेचा दाब मोजणाऱ्या पाऱ्याच्या नळीमुळे त्याचं नाव शाळेच्या पुस्तकात येतं. 1641 च्या अखेरीस तो आंधळ्या झालेल्या म्हाताऱ्या गॅलिलिओकडे राहायला गेला आणि गॅलिलिओच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्याच्या सोबत होता. पडणारी वस्तू कशी वेग घेते हे गॅलिलिओनं शोधलं होतंच. तोरिचेल्लीनं तेच पाण्याला लावलं. भांड्याच्या तळाच्या भोकातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग किती? पाण्याच्या पृष्ठभागावरून एखादा थेंब मोकळा सोडला आणि तो भोकापर्यंत खाली पडला, तर त्याला जेवढा वेग येईल तेवढा.

हे पटायला जरा वेळ लागतो, कारण भोकातून येणारा थेंब काही पृष्ठभागावरून पडलेला नसतो. तो तळाशीच होता, मागच्या पाण्यानं त्याला ढकललं. पण जमाखर्च बघा. तळातून लिटरभर पाणी गेलं की वरून लिटरभर पाणी कमी होतं. मधलं सगळं पाणी जिथल्या तिथे असल्यासारखंच. म्हणजे एकूण हिशेबात वरचं एक लिटर खाली आलं, आणि तेवढ्या उतरणीची कमाई बाहेर पडणाऱ्या लिटरला वेगाच्या रूपात मिळाली. याचा पडताळाही घेता येतो. भोकाला आखूड कोपर लावून धार वर वळवली तर ती जवळजवळ टाकीतल्या पाण्याच्या पातळीइतकी उंच उडते. थोडी कमी पडते, कारण हवा अडवते आणि वर जाऊन परतणारं पाणी चढणाऱ्या पाण्यावरच आदळतं.

आता पडण्याचा वेग उंचीच्या प्रमाणात वाढत नाही. तो उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. चौपट उंचीवरून पडलेला दगड दुप्पट वेगानं आदळतो, चौपट नव्हे. म्हणून टाकीतलं पाणी अर्ध्यावर आलं तरी धार अर्धी होत नाही, ती सुमारे सत्तर टक्के राहते. धार अर्धी व्हायला पाणी पावभर उरावं लागतं. इथपर्यंत बातमी चांगली आहे. वाईट बातमी शेवटाकडे असते. पाणी शंभराव्या हिश्शावर आलं की धार दहाव्या हिश्शावर येते.

मग पूर्ण रिकामं व्हायला किती वेळ? त्यासाठी हिशेबाला सोपी जाईल अशी एक टाकी घेऊ. पत्र्याची, उभ्या भिंतींची, दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद. तिच्यात 144 सेंटिमीटर पाणी. म्हणजे 5,760 लिटर. तळाच्या पातळ पत्र्याला 4 सेंटिमीटर व्यासाचं गोल, कडा तीक्ष्ण असलेलं भोक. बूच काढल्याबरोबर भोकाखाली 20 लिटरची बादली धरली तर ती पाच सेकंदांत भरते. सेकंदाला 4 लिटर, मिनिटाला 240. शाळेच्या पद्धतीनं 5,760 ला 240 नं भागलं की उत्तर येतं 24 मिनिटं.

खरं उत्तर 48 मिनिटं. बरोब्बर दुप्पट, आणि हा योगायोग नाही. उभ्या भिंतींची कुठलीही टाकी घ्या, गोल असो की चौकोनी, उंच असो की बुटकी. सुरुवातीची धार मोजा, भागाकार करा आणि उत्तराची दुप्पट करा. हा दुपटीचा नियम कलनशास्त्राच्या पहिल्या धड्यांत सुटणारं समीकरण मांडून मिळतो, पण त्याच्याशिवायही तो दिसतो, आणि मला तीच वाट जास्त आवडते.

टाकीतल्या पाण्याची पातळी ही एक उतरणारी वस्तू आहे असं समजा. आपल्या टाकीत सेकंदाला 4 लिटर पाणी जातं आणि टाकीचं क्षेत्रफळ 4 चौरस मीटर आहे. म्हणजे सुरुवातीला पातळी सेकंदाला 1 मिलिमीटर उतरते. पुढे ती मंदावत जाते, आणि कोणत्याही क्षणी तिचा वेग उरलेल्या खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. आता एक दगड सरळ वर फेका. तोही मंदावत जातो, आणि माथ्यापर्यंत जेवढी उंची उरली असेल तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात त्याचा वेग असतो. दोघांचा नियम एकच. टाकीतली पातळी म्हणजे उलटा धरलेला, अतिशय आळशी असा वर फेकलेला दगड. आणि वर जाणाऱ्या दगडाचा वेग दर सेकंदाला सारखाच कमी होत जातो, हे आपल्याला ठाऊक आहे. मग पातळीचाही तसाच कमी होणार. सुरुवातीला 1 मिलिमीटर, शेवटी शून्य, आणि मधली उतरण एकसारखी. सरासरी वेग अर्धा मिलिमीटर. सरासरी अर्धी झाली की वेळ दुप्पट. झालं.

48 मिनिटांचे चार-चार मिनिटांचे बारा भाग पाडले तर गंमत उघडी पडते. सुरुवातीला खोली 144 सेंटिमीटर, म्हणजे बाराचा वर्ग. चार मिनिटांनी 121, अकराचा वर्ग. मग 100, मग 81, मग 64, 49, 36, 25, 16, 9, 4, 1 आणि अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला शून्य. खोलीचं वर्गमूळ दर चार मिनिटांनी एकानं कमी होतं, घड्याळाच्या काट्यासारखं. पहिल्या चार मिनिटांत पाणी 23 सेंटिमीटर उतरतं, पुढच्या चारांत 21, मग 19, मग 17. शेवटच्या चार मिनिटांत फक्त 1 सेंटिमीटर. आमच्या टाकी धुणाऱ्याचं शेवटचं वीतभर पाणी म्हणजे ढोबळमानानं 25 सेंटिमीटर धरू. त्याला वीस मिनिटं. एकूण पाण्याच्या सहाव्या हिश्शाहून थोडं जास्त पाणी, आणि वेळ निम्म्याला आलेला. काकांची चूकही यातच सापडते. 72 सेंटिमीटरवर, म्हणजे निम्म्यावर, पाणी येतं ते चौदाव्या मिनिटाला. पुढच्या निम्म्याला चौतीस मिनिटं लागतात. उभ्या भिंतींच्या टाकीचा दुसरा अर्धा भाग पहिल्याच्या सुमारे 2.4 पट वेळ घेतो, टाकी कितीही लहानमोठी असो.

घरी पडताळायचं असेल तर सरळ भिंतींचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळाजवळ तापवलेल्या खिळ्यानं तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडा आणि बाहेरून कागदाची पट्टी चिकटवा. भोकाच्या मध्यापासून 16, 9, 4 आणि 1 सेंटिमीटरवर खुणा करा. खुणांमधली अंतरं 7, 5 आणि 3 सेंटिमीटर, पण पाणी ती जवळजवळ सारख्याच वेळात उतरेल. भोक बाजूला असेल तर त्याच्याखालचं पाणी डब्यातच राहतं, म्हणून मोजमाप तळापासून नव्हे, भोकापासून करायचं.

वरच्या हिशेबात मी एक गोष्ट गुपचूप पुढे ढकलली. बादली पाच सेकंदांत भरते हे मी सांगून टाकलं, पण बादली न लावता ते काढता येईल का? खोली 144 सेंटिमीटर, म्हणून तोरिचेल्लीच्या नियमानं धारेचा वेग सेकंदाला 5.3 मीटर. भोकाचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की येतात सेकंदाला 6.7 लिटर. पण बादलीत येतात चारच. बाकीचे गेले कुठे?

या प्रश्नावर न्यूटनही अडखळला होता. 1687 साली निघालेल्या 'प्रिन्सिपिया'च्या पहिल्या आवृत्तीत त्यानं लिहिलं की पाण्याला पूर्ण नव्हे, अर्ध्या उंचीवरून पडल्याइतकाच वेग मिळतो. तसं असतं तर उलट्या वळवलेल्या धारेनं अर्ध्या उंचीपर्यंतच जायला हवं होतं, आणि ती तर जवळजवळ पूर्ण उंची गाठते. 1713 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यानं चूक सुधारली. मधल्या काळात त्यानं धारेकडे नीट पाहिलं होतं. भोकाकडे पाणी नुसतं वरून येत नाही, चहूबाजूंनी, तळाला घासूनही येतं. आतल्या दिशेनं आलेल्या या पाण्याला भोकाच्या कडेवर काटकोनात वळता येत नाही, म्हणून बाहेर पडल्यावरही धार आत दबत जाते आणि भोकापेक्षा बारीक होते. न्यूटननं मोजलं तेव्हा भोकाचा आणि धारेचा व्यास 25 ला 21 अशा प्रमाणात होता. वेग पूर्णच होता, धारच बारीक होती.

आजच्या मोजमापांप्रमाणे पातळ पत्र्यातल्या तीक्ष्ण कडांच्या गोल भोकातून नियमानुसार यावं त्याच्या साधारण 60 टक्के पाणी येतं. 6.7 चे 60 टक्के म्हणजे 4. बादलीचा हिशेब जुळला. ज्यांना सूत्र हवं त्यांच्यासाठी:

T = (A / (C × a)) × √(2H / g)

यात A टाकीचं क्षेत्रफळ, a भोकाचं, H सुरुवातीची खोली, g म्हणजे 9.81 आणि C हा तो 0.6. सगळं मीटरमध्ये घातलं की T सेकंदांत येतो. आपल्या टाकीला 2,875 सेकंदांच्या आसपास, म्हणजे 48 मिनिटांना काही सेकंद कमी. C विसरलात तर उत्तर येईल पावणेएकोणतीस मिनिटांहून थोडं कमी आणि गच्चीवर फजिती होईल.

या C ची एक खोडी आहे. त्याच भोकाला बाहेरून त्याच व्यासाची आखूड नळी जोडा, व्यासाच्या तीनेक पट लांब, म्हणजे आपल्या टाकीला बारा सेंटिमीटर. कुणालाही वाटेल की नळीत घर्षण, म्हणजे पाणी कमी येईल. उलट जास्त येतं. आवळलेली धार नळीत परत फुगते, नळी भरून वाहते आणि बाहेर पडते, आणि C साठवरून ऐंशीच्या थोडा वर जातो. टाकी 35 मिनिटांत रिकामी होते. पत्र्याऐवजी काँक्रीटची जाड भिंत असली की ती भिंतच अशी नळी बनते. म्हणून मी कुणालाही सूत्रापेक्षा बादलीच वापरायला सांगेन. बादली C सकट मोजते.

पण दुपटीचा नियम कुठे चालत नाही हे कळल्याशिवाय तो वापरू नये.

पहिली जागा म्हणजे खाली जाणारा पाइप. टाकीचं पाणी गच्चीवरच सोडलं नाही, तर तळाशी जोडलेल्या पाइपानं तीन मजले खाली गटारात सोडलं, आणि पाइप भरून वाहत असला, तर पाण्याची उतरण टाकीच्या तळाशी संपत नाही. ती पाइपाच्या खालच्या तोंडाशी संपते. टाकीत दीड मीटर पाणी आणि खाली दहा मीटर पाइप असेल तर उतरण साडेअकरा मीटरवरून दहावर येते, एवढंच. पाइपातलं घर्षण धार बरीच कमी करतं हे खरं, पण ती शेवटपर्यंत जवळजवळ सारखी राहते. अशा वेळी साधा भागाकार बरोबर आणि दुप्पट चूक. ओळखायचं कसं? सारख्या वेळांनी काठी बुडवून पातळी मोजा. दर खेपेला उतरण ठरावीक आकड्यानं कमी होत असेल, आपल्या 23, 21, 19 सारखी, तर तोरिचेल्लीचं राज्य. उतरण जवळजवळ सारखीच राहत असेल तर पाइपाचं. आणि दर खेपेला उतरण सारख्या प्रमाणात घटत असेल, म्हणजे आधीच्या नव्वद टक्के, मग त्याच्या नव्वद टक्के अशी, तर पाणी बारीक फटीतून किंवा गाळातून झिरपतंय. तिथे धार वर्गमुळाच्या नव्हे, खोलीच्याच प्रमाणात असते. तशी टाकी कागदावर कधीच पूर्ण रिकामी होत नाही, कपातला चहा खोलीइतका थंड व्हायला जसा रेंगाळत राहतो तशी. वर्गमुळाचा नियम मात्र टाकीला ठरलेल्या मिनिटाला शून्यावर नेऊन सोडतो.

दुसरी जागा शेवटचे काही सेंटिमीटर. खोली भोकाच्या व्यासाच्या दोन-तीन पटींवर आली की भोवरा धरतो, त्याच्या मधून हवा शिरते आणि भोकाचा काही भाग हवाच अडवते. आपला 4 चा 1 होईपर्यंतचा आकडा म्हणून फक्त कागदावरचा. तिथे झाडू घ्यायचा.

तिसरी गोष्ट गच्चीवर सर्रास घडते. पातळी उतरली की टाकीतला तरंगता गोळा खाली येतो, त्याला जोडलेला व्हॉल्व्ह उघडतो आणि वरून नवं पाणी यायला लागतं. समजा ते सेकंदाला 1 लिटर येतंय. पूर्ण टाकीची धार 4 लिटरची होती. धार कमी होत होत 1 लिटरवर आली, म्हणजे चतुर्थांश झाली, की येणारं आणि जाणारं सारखं होतं. धार चतुर्थांश म्हणजे खोली सोळावा हिस्सा, म्हणजे 9 सेंटिमीटर. पातळी तिथे जाऊन अडते. तुम्ही दुपारपर्यंत थांबा, संध्याकाळपर्यंत थांबा, 9 सेंटिमीटर पाणी हलत नाही. पातळी मधेच कुठे अशी थिजलेली दिसली की भोक तुंबलंय असं समजून तार खुपसू नका, आधी वरचा वॉल बंद आहे का बघा. पातळी कुठे थिजली त्यावरून किती पाणी येतंय हेही सांगता येतं.

भिंती उभ्या नसल्या की दुप्पट हा आकडा बदलतो. पाण्याचा टँकर म्हणजे आडवं टाकलेलं पिंप. तो वरच्या आणि खालच्या टोकाला अरुंद असतो आणि पोटाशी रुंद. खालच्या, मंद धारेच्या भागात पाणीच कमी, म्हणून रेंगाळणं कमी. तळाच्या भोकातून रिकामा व्हायला त्याला साध्या भागाकाराच्या 1.7 पट वेळ लागतो, पिंप गोल असो वा लांबट अंडाकृती. खाली निमुळत्या होत जाणाऱ्या शंकूला तर 1.2 पटच.

पातळी सगळा वेळ एकाच वेगानं उतरेल असं भांडं करता येईल का? हा प्रश्न घड्याळवाल्यांचा. इजिप्तमध्ये कर्नाकला फेरो तिसऱ्या अमेनहोतेपच्या काळातलं, सुमारे 3,400 वर्षांपूर्वीचं दगडी जलघड्याळ सापडलं. त्याच्या भिंती वरून खाली निमुळत्या होत जातात. सुरुवातीची धार जोरात, म्हणून तिथे तोंड रुंद, आणि पुढे धार मंद, म्हणून तिथे भांडं अरुंद. कुणी तरी काठाशी बसून पाणी बघत हे शिकलं असणार. सरळ तिरक्या भिंतींनी काम बरंचसं होतं, पुरतं होत नाही. अचूक हवं तर भांड्याची त्रिज्या खोलीच्या वर्गमुळाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढवत न्यावी लागते.

आपल्याकडे घड्याळवाल्यांनी प्रश्नच उलटा केला. घटिकापात्रातून पाणी बाहेर जात नाही, आत येतं. तांब्याची वाटी, तळाला बारीक भोक, मोठ्या पाण्याच्या भांड्यात तरंगत ठेवलेली. ती हळूहळू भरते आणि बुडते. 'सूर्यसिद्धान्ता'त अशा वाटीचं वर्णन आहे, ती एका दिवसरात्रीत साठ वेळा बुडते. एक बुडणं म्हणजे एक घटका, 24 मिनिटं. लग्नाच्या मुहूर्ताला घटका भरते ती याच वाटीत. (आपल्या टाकीला भागाकारानं आली होती एक घटका आणि प्रत्यक्षात लागल्या दोन, म्हणजे एक मुहूर्त. आकडे मी तसे निवडले होते, कबूल करतो.)

या वाटीत पाण्याला ढकलणारी खोली म्हणजे बाहेरच्या आणि आतल्या पातळीतला फरक. वाटीच्या भिंती पातळ आणि उभ्या असत्या तर हा फरक भरताना बदललाच नसता. तरंगणारी वाटी आपल्या आणि आतल्या पाण्याच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. आत लिटर आलं की ती लिटरभरच खाली बसते, आणि फरक तेवढाच राहतो, फक्त धातूच्या वजनापुरता. म्हणजे धार शेवटपर्यंत एकसारखी. वर्गमूळ आहेच, पण ते बदलत नाही. प्रत्यक्षातल्या वाट्या अर्धगोल असायच्या, त्यामुळे फरक थोडा बदलतो. पण घटका मोजायला वाटी एकसारखी भरण्याची गरज नव्हती, दर वेळी तितक्याच वेळात बुडली की झालं.

घटिकापात्राची सर्वांना माहीत असलेली गोष्ट लीलावतीची. भास्कराचार्यांच्या मुलीच्या लग्नाचा मुहूर्त वाटीत मोजला जात होता, तिच्या दागिन्यातला मोती वाटीत पडला, भोक बुजलं आणि मुहूर्त टळला. ही कथा फैजीनं 1587 साली 'लीलावती'चं फारसी भाषांतर केलं त्यात येते, मूळ ग्रंथात नाही. मूळ ग्रंथात मात्र हौद आहे. चार झरे, एकटा एकटा सोडला तर ते हौद अनुक्रमे एका दिवसात, अर्ध्या दिवसात, तिसऱ्या हिश्शात आणि सहाव्या हिश्शात भरतात. चारी एकदम सोडले तर? दिवसाला एक, दोन, तीन आणि सहा हौद, एकूण बारा, म्हणून दिवसाच्या बाराव्या हिश्शात. वरून पडणाऱ्या झऱ्याला हौदात किती पाणी आहे याच्याशी देणंघेणं नसतं, म्हणून हे उत्तर आठशे वर्षांनंतरही जसंच्या तसं उभं आहे. भास्कराचार्यांनी हौद फक्त भरला.

तळाचा नळ आपल्या पाठ्यपुस्तकांनी लावला. तेव्हा परत त्या नळाकडे. तो भरलेला हौद चार तासांत रिकामा करतो. उभ्या भिंतींचा हौद धरला तर दुपटीच्या नियमानं त्याची सुरुवातीची धार तासाला पाव हौद नव्हे, अर्धा हौद असली पाहिजे. वरचा नळ तासाला एक तृतीयांश हौद आणतो. रिकाम्या हौदापासून सुरू केलं तर आधी खालची धार अगदी बारीक, म्हणून पाणी भराभर चढतं. चढत चढत खालची धार एक तृतीयांशावर येते, म्हणजे तिच्या पूर्ण जोराच्या दोन तृतीयांशावर. दोन तृतीयांशाचा वर्ग चार नवमांश. पातळी त्या खुणेकडे सरकते, जवळ जाईल तशी मंदावते आणि तिच्यापुढे जात नाही. बारा तासांनीही हौद निम्म्याहून कमी भरलेला, आणि उद्या सकाळीही तेवढाच.